सुतभर मोकळी जागा

दापोड्याच्या त्या गाळ्यात हौसाच्या डब्याला कुणी हात लावत नसे. दोन भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी आणि सगळ्यांत खालच्या पुडात तांदळाच्या पिठाचा लिंबाएवढा गोळा. उकड काढून, तेलाचा हात लावून चांगला मळलेला. नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, म्हातारी दुपारी इथंच भाकरी थापते की काय. मग कधीतरी तो तिला काम करताना बघायचा आणि पुन्हा विचारत नसे.

गाळा होता भाविकचा. चहूकडे मोठमोठी गोदामं, कंटेनरच्या रांगा, आणि मधल्या एका गाळ्यात हा पोरगा लोकांना हवे तसे कॉम्प्युटर जुळवून द्यायचा. जुळवण्याचं काम भूपेशकडे. तपासण्याचं हौसाकडे. हौसा छप्पन्न वर्षांची, उंचीनं ठेंगणी, डोळ्यांवर जाड काचेचा चष्मा आणि चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. शाळा चौथीपर्यंत. चार वर्षांपूर्वी ती खोकी बांधायला म्हणून आली होती. आता तिनं पांढऱ्या रंगाचा ठिपका मागच्या पत्र्यावर लावल्याशिवाय मशीन गाळ्याबाहेर जात नसे.

ती काय तपासायची, ते सांगायला हवं. कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो तापतो. त्याला थंड ठेवायला त्याच्या डोक्यावर एक उभा कूलर बसवतात. पातळ पत्र्यांचा वीतभर मनोरा, त्यातून वर आलेली तांब्याच्या नळ्यांची टोकं आणि एका अंगाला पंखा. मनोरा जितका उंच तितका थंडावा जास्त, म्हणून गिऱ्हाईक उंचच मागतं. पण कॅबिनेटला रुंदी असते तेवढीच असते. वरून बाजूची झाकण-काच लावली की कूलरचं टोक आणि काच यांच्यात किती जागा उरते, हा प्रश्न. जागा उरली तर ठीक. न उरली तर काचेला आतून टोचणी लागते.

खोक्यावर आकडे छापलेले असतातच. पण आकड्यांनी भूपेशला पहिल्याच महिन्यात तोंडावर पाडलं होतं. त्यानं रिकाम्या कॅबिनेटमध्ये टेप घातली, मागच्या पत्र्यापासून काचेपर्यंत एकशे शहात्तर मिलीमीटर मोजले आणि एकशे पासष्टचा कूलर मागवला. म्हणाला, अकरा मिलीमीटर मोकळे. प्रत्यक्षात काच लागेचना. कारण कूलर पत्र्यावर बसत नाही. पत्र्यावर पितळी स्टँड, त्यावर बोर्ड, बोर्डावर सॉकेट आणि त्यात प्रोसेसर. एवढे सगळे मिळून सोळा मिलीमीटर खातात, मग कूलरचा तळ सुरू होतो. खरी जागा एकशे साठच होती.

तेव्हा खोकी बांधता बांधता हौसा म्हणाली होती, "टेप बाहेरून काय सांगंल? आतल्याला विचार की."

आणि तिनं डब्यातली पिठाची गोळी काढली, पातळ प्लॅस्टिकच्या तुकड्यात गुंडाळली, बंद मशीनमधल्या कूलरच्या टोकावर ठेवली आणि काच चारी स्क्रूंनी लावून घेतली. मग काच उतरवली. गोळीची पुरी झाली होती. त्या पुरीची जाडी पट्टीवर धरली, की तेवढीच मोकळी जागा. एका टोकावर एक, पंख्याच्या दोन कोपऱ्यांवर एकेक, अशा तीन गोळ्या.

"कणकेची का न्हाय करत मावशी?" भूपेशनं विचारलं होतं.

"कणीक रुसते. दाबली की परत फुगते. तांदळाचं पीठ दाबलं की दाबलं. खोटं बोलत न्हाय."

तिचा नियम एकच. सुतभर तरी मोकळं पाहिजे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलीमीटरला थोडं जास्त. त्याहून पातळ पुरी निघाली की ती मशीन परत सरकवायची. भूपेश चिडायचा. "दोन मिलीमीटर हाय की. लागत तर न्हाय ना?" ती काही बोलायची नाही. मशीन फक्त सरकवायची.

तिच्या त्या गप्प बसण्यामागं काय होतं, ते गाळ्यात फक्त भाविकला माहीत होतं.

हौसाचं माहेर गणेशपुरीच्या बाजूचं. लग्न होऊन दापोड्याला आली तेव्हा इथं भात पिकायचा. नवरा चिंधू भिवंडीत लूमच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग ठाकठीक करणारा. हुशार माणूस. कानानं ओळखायचा कुठला माग आजारी आहे ते. त्यांची मुलगी दिपाली नऊ वर्षांची असताना सुट्टीत बापाचा डबा घेऊन कारखान्यात गेली. त्या दिवशी एका मागाच्या धोट्याची पेटी ढिली झाली होती. धोटा म्हणजे सूत घेऊन इकडून तिकडे पळणारं ते लाकडी होडकं, टोकाला लोखंड. चिंधूनं सकाळीच ती पेटी बघितली होती आणि म्हणाला होता, सुतभराचा फरक आहे, चालेल, शिफ्ट सुटल्यावर करतो. दिपाली दोन मागांच्या मधून चालत आली. धोटा उडाला. तिचा डावा डोळा गेला.

चिंधूनं नंतर कधी मागाला हात लावला नाही. कुणी काही म्हणालं नाही त्याला, हौसाही नाही. आठ वर्षांपूर्वी तो गेला तोवर घरात 'चालेल' हा शब्द कुणी उच्चारत नसे.

दिपाली मात्र रडत बसणारी नव्हती. ती शिकली, कापडावरच्या नक्षीची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढायला लागली आणि गेल्या दोन वर्षांपासून भिवंडीत उन्नती मॅडमच्या डिझाइन ऑफिसात होती. सात बायका, सात टेबलं, दिवसभर स्क्रीनवर वेलबुट्टी. एका डोळ्यानं ती दोन डोळ्यांवाल्यांपेक्षा बारीक काम करायची.

त्या वैशाखात उन्नती मॅडमनं भाविककडे आठ नव्या मशीनची ऑर्डर दिली. सात बायकांना सात, एक मॅडमला.

"आये, तुझ्याच हातातून येनार मशीन," दिपाली जेवताना म्हणाली. "टेबल एवढंसं हाय. उजव्या हाताला ठेवनार. गालालाच लागंल."

"काचेची बाजू कुनीकडं?"

"माझ्याकडंच. सगळ्या कॅबिनेटची काच डावीकडंच असते ना. मशीन उजवीकडं ठेवलं की काच माझ्यासमोर. आन् मला उजवीकडंच बरं, तिकडचं दिसतं." ती हसली. "आतले दिवे पन बघायला मिलतील."

हौसानं भाकरीचा तुकडा ताटात तसाच ठेवला. उजवा डोळा, उजवीकडे काच. मग ती स्वतःशीच म्हणाली, मी हाय की तपासायला.

गाळ्यात एक रीत होती. भाविकच्या आईनं घालून दिलेली. लॉटमधलं पहिलं जुळलेलं मशीन तपासून झालं की त्याला कुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि वरच्या फळीवर ठेवायचं. ते मानाचं मशीन. लॉट जाईपर्यंत ते उघडायचं नाही, आणि जायचं सगळ्यांत शेवटी. बाकीची मशीनं त्याच मापाची, त्याच सामानाची, म्हणून प्रत्येकात गोळ्या ठेवत बसायची गरज नसे. पहिलं पास तर लॉट पास. हे हौसानंच ठरवलं होतं. तिनं पहिल्यावर जीव ओतायचा, बाकीच्यांवर नजर टाकायची आणि ठिपके लावायचे.

मंगळवारी पहिलं मशीन जुळलं. कॅबिनेटला जागा एकशे साठची. कूलर एकशे पंचावन्नचा. हौसानं तीन गोळ्या ठेवल्या. नळीच्या टोकावरची पुरी पाच मिलीमीटरची निघाली. पंखा टोकापेक्षा दोन मिलीमीटर खाली होता, तिथल्या पुऱ्या सात सातच्या. तिनं त्या भूपेशच्या व्हर्नियरवरही धरून बघितल्या. दोनदा. मग कुंकू लावलं.

बुधवारी ती आली नाही. मानकोलीला तिच्या भावाच्या मुलीची हळद होती, आणि आमच्या इकडे हळद चुकवली तर लग्नाला कुणी विचारत नाही. बँड, मांडव, पाचशे माणसं. हौसा सबंध दिवस भाकऱ्या थापत होती. दोनदा तिला उगाच गाळ्याची आठवण झाली. हात थांबला, तशी शेजारची म्हणाली, "काय गो, पीठ संपलं?" "न्हाय," म्हणून ती पुन्हा थापायला लागली.

गुरुवारी सकाळी गाळ्यात शिरली तर मधलं टेबल मोकळं होतं.

"काल दुपारी गेली सात मशीनं," भूपेश म्हणाला. "मॅडमची घाई. मानाचं तेवढं आज जाईल."

"ठिपके कुनी लावले?"

"मी. पहिलं पास होतंच की. तुमचाच नियम."

तिनं मान हलवली. पदर खोचला आणि झाडू घेतला, कारण बुधवारी तिच्यामागं कुणी झाडलेलं दिसत नव्हतं. कोपऱ्यात रिकाम्या पुड्यांचा ढीग होता. ती पुड्या भरता भरता थांबली. एक पुडी तिनं उचलली आणि उजेडात धरली. लांबटसर, रॅमची, म्हणजे बोर्डावर उभ्या बसणाऱ्या मेमरीच्या पट्टीची. पण त्यातला साचा तिच्या ओळखीचा नव्हता. मंगळवारची रॅम बुटकी होती, बोर्डावरून जेमतेम दोन बोटं वर. हा साचा चांगलाच उंच होता.

"ही कनची रॅम?"

"ती व्हय. बुटक्याचा स्टॉक एकाच मशीनपुरता निघाला. मग ही घातली. दिव्यांची. भारीतली हाय मावशी, मॅडम खूश झाल्या."

"आन् पंखा?"

भूपेश स्क्रू वर्गवारीनं डबीत टाकत होता. त्याचा हात जरा मंदावला. "पंखा रॅमवर अडत व्हता. क्लिप सोडून वर सरकवला. चालतं ते. सगले तसंच करतात."

"किती वर?"

"असंल नऊ-दहा मिलीमीटर."

हौसा बाकावर बसली. मनात बेरीज करायला तिला वेळ लागत नसे. पंख्याचा माथा एकशे त्रेपन्नवर होता. त्यात नऊ. एकशे बासष्ट. जागा एकशे साठ.

"काच लागली?"

"लागली ना. थोडी दाबून बसली. स्क्रू बसले सगले."

"बसली न्हाय," हौसा म्हणाली. "बसवली."

ती उठली आणि वरच्या फळीवरचं मानाचं मशीन खाली घ्यायला लागली. भूपेश पुढे आला. "मावशी, ते उघडायचं न्हाय. भाविकभाईची आई—"

"तिला मी सांगन."

कुंकवाच्या बोटाखालून तिनं काच उतरवली. शिल्लक राहिलेली एक उंच रॅमची जोडी भूपेशकडून घेतली, बुटकी काढून ती बसवायला लावली, पंखा त्यानं काल सरकवला तेवढाच वर सरकवायला लावला. मग दोन गोळ्या, पंख्याच्या दोन कोपऱ्यांवर. काच लावताना भूपेशला तळव्यानं रेटावं लागलं. शेवटचा स्क्रू त्यानं दात ओठ खाऊन फिरवला, आणि फिरवताना त्याचं त्यालाच काहीतरी उमगलं असावं, कारण तो हौसाकडे बघेना.

काच उघडली. पुरी नव्हतीच. प्लॅस्टिक फाटलं होतं, पीठ चारी बाजूंनी बाहेर सांडलं होतं आणि मधोमध पंख्याच्या कोपऱ्याचं काळं प्लॅस्टिक स्वच्छ दिसत होतं.

"कडक काच असते मावशी," भूपेश हळू म्हणाला. "लगेच न्हाय फुटत."

"लगेच न्हाय फुटत, तेच तर," हौसा म्हणाली. "मशीन दिवसभर तापनार. पंखा थरथरनार. काच चार स्क्रूंत ताणलेली. ती कधी फुटंल ते तिलाच ठाव." तिनं फोन काढला.

दिपालीचा फोन वाजून वाजून बंद झाला. उन्नती मॅडमच्या ऑफिसात फोन बाहेरच्या कप्प्यात ठेवावे लागत, डिझाइनची चोरी होऊ नये म्हणून. मॅडमचा फोन दुसऱ्या कॉलवर होता. पुन्हा लावला. दुसऱ्या कॉलवर.

बुटकी रॅम परत घालून, पंखा खाली आणून आणि काचेच्या कडा निरखून मानाचं मशीन त्यांनी टेम्पोत चढवलं. भूपेश चालवत होता. रस्त्यात कंटेनर आडवा झाला होता. ऊन डांबरावर उभं राहिलं होतं. हौसा पुढच्या सीटवर मांडीवर डबा धरून बसली होती आणि दर दोन मिनिटांनी फोन लावत होती. एकदा भूपेश म्हणाला, "मावशी, काय न्हाय होनार." तिनं त्याच्याकडे बघितलं. चिंधू असाच म्हणायचा, अगदी याच आवाजात, मायेनं.

ऑफिसचा जिना चढताना तिला तो आवाज ऐकू आला. बारीक, माशी बाटलीत अडकल्यासारखा. सात मशीनं गुणगुणत होती. पंख्याची चौकट काचेला टेकली की असंच वाजतं. दाराच्या आत गार हवा होती. बायका माना खाली घालून काम करत होत्या. तिसऱ्या टेबलावर दिपाली. उजव्या हाताला काच, आत निळे दिवे, आणि दिव्यांचा उजेड तिच्या गालावर. खरंच गालाला लागेल इतकं जवळ.

हौसा ओरडली नाही. ओरडलं की माणूस आवाजाकडे वळतं, आणि दिपाली उजवीकडेच वळायची.

ती डाव्या बाजूनं गेली, लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. "दिपाली. तोंड माज्याकडं कर आन् उठ."

"आये? तू कशी इथं? थांब, एवढं सेव्ह—"

"ऱ्हाऊदे ते. ऊठ."

तिच्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक. दिपाली उठली. हौसानं तिला आपल्यामागं घेतलं. मग उन्नती मॅडमना हात जोडून म्हणाली, "मॅडम, सगल्यांना जरा उठवा. मशीनं बंद करून दूर व्हा."

मॅडम चांगली बाई होती, पण संध्याकाळी डिझाइनं द्यायची होती. "अर्धा तास देते मावशी," ती म्हणाली. "त्यापेक्षा जास्त नाही."

दिपालीच्या मशीनवर हौसानं पॅकिंगचा जाड फोम पांघरला. फक्त चार कोपऱ्यांतले स्क्रू उघडे ठेवले. एक स्क्रू पूर्ण सोडला असता तर सगळा ताण दुसऱ्या कोपऱ्यावर गेला असता. म्हणून तिनं चारी स्क्रू पाव पाव फेरा फिरवले. वरचा, मग समोरासमोरचा खालचा. पुन्हा पाव. तिसऱ्या फेऱ्याला 'टक्' असा आवाज झाला आणि खोलीतल्या सगळ्या बायका दचकल्या. काच सुटली होती, एवढंच. काचेच्या आतल्या अंगावर पंख्यानं घासून पुसट पांढरा डाग पाडला होता. आणि वरच्या कोपऱ्यातल्या स्क्रूच्या भोकाशी, अगदी कडेला, तांदळाच्या कणीएवढी टवकी उडाली होती.

हौसानं त्या टवकीवर बोट फिरवलं. एकदा फिरवलं आणि लगेच काढून घेतलं.

"ही काच परत लावायची न्हाय," ती म्हणाली. "भूपेश, बाकीच्या काचांची भोकं बघ. टवकी दिसली की बाजूला."

"बघतो. तुम्ही बसा मावशी, मी करतो सगलं."

उपाय साधा होता. पंखा रॅमच्या अंगाला ठेवायचाच कशाला. कूलरच्या मागच्या अंगाला लावायचा, हवा मागेच फेकेल अशा तोंडानं. तिकडे रॅम नसते, पंखा हवा तेवढा खाली बसतो. मागच्या बाजूला जागाही होती. भूपेशनं सहा मशीनं भराभर तशी केली, आणि पहिल्यावर हौसानं गोळी ठेवून बघितली. पाच मिलीमीटर, मंगळवारसारखी. दिपालीच्या टेबलावर मानाचं मशीन बसलं, कुंकवासकट. तिचं आधीचं मशीन काचेसह परत न्यायचं ठरलं, म्हणजे मॅडमना स्वतःच्या मशीनसाठी थोडं थांबावं लागणार होतं.

शेजारच्या टेबलावरची रूपा म्हणाली, "बघा गं, आईनं लेकीला मानाचं दिलं. आमाला काय, सासरचं?"

बायका हसल्या. हौसाही हसली. अर्धा तास संपला होता. बाहेर पडताना तिनं दिपालीला दाराशी घेतलं आणि हळूच म्हणाली, "फोन कप्प्यात ठेवू नको. कमरेला ठेव. मी मॅडमशी बोलन नंतर."

ती टवकी उडालेली काच गाळ्यात भिंतीला टेकून, पुठ्ठ्यावर उभी राहिली. भूपेश दोनदा म्हणाला, फेकून देऊ. हौसा म्हणाली, राहू दे, भाविकला दाखवायची आहे. शुक्रवार गेला, शनिवार गेला. दिपाली रोज संध्याकाळी घरी यायची आणि हौसा रोज तिच्या उजव्या डोळ्याकडे बघून मग ताट वाढायची. तिचा जीव हळूहळू थाऱ्यावर आला होता.

सोमवारी दुपारी ती डबा उघडून बसली. भूपेश समोर स्क्रू मोजत होता. छताचा पंखा बंद होता, वीज गेली होती. दाराबाहेर एक कंटेनरही हलत नव्हता. कुणीच काही करत नव्हतं.

आणि ती काच फुटली.

तिला कुणी हात लावला नव्हता. तिच्यावर काही पडलं नव्हतं. बंदुकीसारखा एक आवाज झाला आणि भिंतीशी काच नव्हतीच, साखरेच्या खड्यांसारखा ढीग होता, आणि खडे गाळ्याच्या त्या टोकापर्यंत घरंगळत गेले. एक हौसाच्या डब्यात पडला. चटणीवर. कडेला टवकलेली कडक काच अशीच, तिच्या वेळेनं फुटते. ढिगातून अजून बारीक कुरकुर ऐकू येत होती, काचा आपापसात सरकत होत्या.

हौसानं डब्यातला खडा दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला. मग विचारलं, "भूपेश. त्या सहा काचांची भोकं बघितलीस?"

भूपेशनं झाडू उचलला.

"बघितलीस का?"

"दोन बघितली," तो म्हणाला. "दोन चांगल्या व्हत्या मावशी. अर्धा तासच दिला व्हता. म्हनलं..." तो थांबला. पुढचं त्याला बोलवेना, कारण ते वाक्य त्याचं नव्हतं. पहिलं पास तर लॉट पास.

हौसाला त्याचा राग आला नाही. ती त्या दिवशी खोलीत उभी होती, सहा काचा तिच्यासमोर लागत होत्या, चष्मा तिच्याच डोळ्यांवर होता. आणि ती बघत होती फक्त तिसऱ्या टेबलाकडे. लेकीच्या गालावर आता कुठला उजेड पडतो, तेवढंच.

तिनं फोन लावला. दिपालीनं दुसऱ्या रिंगला उचलला, कुजबुजत. "आये, मॅडम हायेत इथं."

"तू ठीक हाय?"

"हाय की."

"मग ऐक. पुन्हा तसंच करायचं. सगल्यांना उठव. रूपाला, सगल्यांना. तोंड दुसरीकडं करून. कुनी काचेला हात लावायचा न्हाय, फोन ठेवू नको, आदी उठव."

पलीकडे दिपालीचा आवाज गेला, मोठा, तिला मोठ्यानं बोलायची सवय नव्हती तरी. मग मॅडमचा आवाज, चिडका. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. हौसा डोळे मिटून मोजायला लागली. एक. दोन. तीन आणि चार बरोबरच सरकल्या. पाच.

भूपेश टेम्पोची किल्ली हातात घेऊन दारात उभा होता. पाचच्या पुढे ती काही मोजत नव्हती, तो तिच्या ओठांकडे बघत होता.

"रूपाताई," फोनमधून दिपाली म्हणत होती, "अगो ऊठ ना."

"एवढं फूल झालं की उठते," लांबून रूपाचा आवाज आला.

हौसानं मुठीत पिठाचा गोळा कधी घेतला होता, तिचं तिलाच कळलं नाही. बोटांच्या फटींतून तो बाहेर आला होता.

मग सहावी खुर्ची सरकली.

"उठली," दिपाली म्हणाली. "सगल्या बाहेर जिन्यात आलो. आता काय करायचं?"

"जिन्यातच थांबा," हौसा म्हणाली. "मी येते. या वेळी सगल्या मीच बघनार."